आदल्या संध्याकाळचा निरोप

मराठीत निरोप पाठवतात आणि निरोप घेतातही. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधले अंतर एरवी आपल्या लक्षात येत नाही. माझ्या ते लक्षात आले एका जानेवारीतल्या संध्याकाळी, साताऱ्याच्या माझ्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पुण्याच्या एका रुग्णालयात माझ्या मित्राच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची होती. पाच वाजता वहिनींचा फोन आला. "भावोजी, तुम्ही काहीतरी लिहून पाठवा. सकाळपासून हे कुणाशी बोलत नाहीत. फोनवर चाळीस जणांचे निरोप आलेत, एकही उघडून बघितला नाही. तुमचा वाचतील."

तुमच्यापैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल. कुणाचे वडील, कुणाची मैत्रीण, कुणाचा कार्यालयातला सहकारी. आपण फोन हातात घेतो, दोन शब्द लिहितो, पुसतो आणि शेवटी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून मोकळे होतो. त्या चित्राला मी हसत नाही, कारण तेही कुणीतरी काळजीनेच पाठवलेले असते. पण त्या संध्याकाळी मला शब्दांतच लिहायचे होते. ते कसे लिहिले, काय काय खोडले आणि का खोडले, एवढेच इथे सांगतो.

माझी सारी नोकरी तारघरात गेली. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत. खिडकीपलीकडचा माणूस मजकूर लिहून आणी आणि मी शब्द मोजून आकडा सांगितला की कागद परत घेऊन शब्द गाळत बसे. काय गाळावे आणि काय ठेवावे याचा विचार करणारी इतकी माणसे मी पाहिली की तो विचार माझ्याही अंगवळणी पडला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, आता शब्दाला पैसे पडत नाहीत. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी वाचणाऱ्याजवळ वेळ थोडा असतो आणि लक्ष त्याहून थोडे, हे मात्र तारेसारखेच.

त्याची संध्याकाळ कशी जात असेल हे मला माहीत होते. सहाच्या सुमारास न्हावी येऊन छातीवरचे आणि पायावरचे केस काढून जातो. मग जंतुनाशक औषधाने आंघोळ. ती पहाटे पुन्हा एकदा करायची असते. संमतिपत्रावर सही. अंगठी, जानवे, घड्याळ, कवळी असेल तर कवळी, सारे काढून घरच्यांच्या रुमालात बांधून द्यायचे. हलके जेवण, मध्यरात्रीनंतर तोंडात काही घ्यायचे नाही. नऊ-साडेनऊला झोपेची गोळी. म्हणजे माझा मजकूर सातपर्यंत पोचायला हवा होता. त्यानंतर पोचलेला मजकूर एक तर वाचला जात नाही किंवा गोळीच्या गुंगीत अर्धा वाचला जातो, आणि अर्धा वाचलेला मजकूर रात्रभर डोक्यात फिरत राहतो.

शस्त्रक्रिया बायपासची होती. आठवडाभर आधी सर्जनना भेटायला मी त्याच्यासोबत गेलो होतो. त्यांनी एका कोऱ्या कागदावर हृदय काढले. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्याच्यावरून कशा उतरतात ते दाखवले आणि तीन ठिकाणी पेनाने आडवी रेघ मारली. तिथे अडथळे होते. मग छातीच्या आतल्या बाजूने खाली जाणारी एक धमनी वळवून पहिल्या अडथळ्याच्या पुढे जोडायची, आणि बाकी दोन ठिकाणी पायातली शीर काढून तिचे तुकडे लावायचे, असा तो बेत होता. घाटात दरड कोसळली की बाजूने रस्ता काढतात, तसे. अडथळा तिथेच राहतो, पण वाहतूक सुरू होते. त्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापावे लागते आणि नंतर पोलादी तारेने जोडावे लागते.

माझा मित्र पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होता. समोरचा काही शिकवू लागला की तोही नकळत विद्यार्थी होतो. त्याने दोनच प्रश्न विचारले. पहिला, धोका किती? सर्जन म्हणाले, "तुमच्या वयाची, तुमच्यासारखा मधुमेह असलेली शंभर माणसं घेतली तर दोघा-तिघांच्या बाबतीत आम्हाला यश येत नाही. त्यात तुम्ही नसाल असं मला वाटतं, पण लिहून देऊ शकत नाही." दुसरा प्रश्न त्याने भूलतज्ज्ञांना विचारला. "शुद्धीवर येताना कसं वाटतं?" त्या म्हणाल्या, "जाग येते तेव्हा घशातून श्वासनलिकेत गेलेली नळी असते. ती यंत्राला जोडलेली असते. त्यामुळे आवाज निघत नाही. तुम्ही झोपेत ती ओढू नये म्हणून हात सैलसर बांधलेले असू शकतात. तुमचा तुम्हाला श्वास नीट घेता येतो असं दिसलं की काही तासांत आम्ही ती काढतो."

बाहेर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मरणाचं एक वेळ कळतं रे. पण जाग यायची आणि बोलता यायचं नाही, हे काय?" ज्याची सारी हयात आवाजावर गेली, त्याच्या भीतीची जागा ही होती. शंभरातले दोघे-तिघे त्याला भिववत नव्हते, ती नळी भिववत होती. हे मला आधी कळले नसते तर माझा निरोप भलत्याच भीतीला समजावत बसला असता.

सव्वापाचला मी पहिले वाक्य लिहिले : "काळजी करू नकोस, काही होणार नाही." आपल्या बोटांना सवयच असते त्याची. लिहून झाले आणि मला ताई आठवली.

ही गोष्ट मी फारशी सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. आदल्या संध्याकाळी मी तिच्या खाटेशी स्टुलावर बसलो होतो. ती म्हणाली, "अरे, मला तुला दोन गोष्टी सांगायच्यात." मी तिला बोलू दिले नाही. म्हणालो, "तसलं काही बोलू नकोस ताई. काही होत नाही. आठ दिवसांत घरी येशील." ती हसली. माझ्या बऱ्यासाठीच हसली, हे आता कळते. मग तिने मला विचारले की जेवलास का. शस्त्रक्रियेनंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही आणि पाचव्या दिवशी गेली. पुढे महिनाभराने तांदळाच्या डब्यात भाचीच्या नावाची ठेवपावती सापडली. दोन गोष्टींपैकी ती एक असावी. दुसरी कोणती, ते मला अजून माहीत नाही.

डॉक्टरांना दोष देण्यासारखे तिथे काही नव्हते. झाले ते कुणाच्या हातचे नव्हते. माझ्या हातचे एवढेच होते की तिला बोलायचे होते आणि मी धीर देण्याच्या नावाखाली तिचे तोंड बंद केले. "काही होत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याला धीर देत असेल-नसेल, पण बोलणाऱ्याची मात्र सुटका करते. समोरच्याची भीती ऐकण्यातून ते आपल्याला मोकळे करते.

म्हणून ते वाक्य मी खोडले. खोडताना माझ्या लक्षात आले की त्यातला दोष भावनेत नव्हता, क्रियापदात होता. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. "काही होणार नाही", "सगळं ठीक होईल", "आठ दिवसांत घरी येशील" ही सारी भविष्यकाळाची विधाने आहेत. विधान करणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असावी लागते. मला ठाऊक नव्हती. ज्याने आठवडाभर आधी सर्जनच्या तोंडून शंभरातले दोघे-तिघे ऐकले आहेत, त्या माणसाला हे चटकन कळते. आपल्याहून कमी माहिती असलेला कुणी आपल्याला खात्री देतो आहे हे त्याला दिसते, आणि मग तो ताईसारखा हसतो.

पण भविष्यकाळाचाच एक भाग असा आहे की जो पूर्णपणे माझ्या मालकीचा आहे, आणि तो म्हणजे प्रथमपुरुषी. "येईन", "बसेन", "राहीन". शस्त्रक्रिया कशी होईल हे मी सांगू शकत नाही, पण मी कुठे असेन ते सांगू शकतो. हे सुचल्यावर मला जरा हुरूप आला आणि मी लिहिले : "तुला आत नेतील तेव्हा मी तिथे असेन." लगेच पुन्हा पेन थांबले. आत नेतात सातच्या सुमारास. पहाटेची एस. टी. पकडली तरी खंबाटकीच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपले. स्ट्रेचरवर पडलेला माणूस दाराकडे पाहत राहील आणि मी घाटात असेन. असे वचन मोडण्यापेक्षा न दिलेले बरे. मग लिहिले : "तू बाहेर येशील तेव्हा मी तिथे असेन." पण "बाहेर येशील" हे पुन्हा माझ्या अखत्यारीतले नव्हते. शेवटी जे वाक्य उरले ते असे : "उद्या नऊ वाजल्यापासून मी वहिनींसोबत बाहेर बसलेला असेन." दिसायला अगदी साधे, वेळापत्रकातल्यासारखे वाक्य. पण काहीही झाले तरी ते खोटे पडणार नव्हते.

मग आशा कुठे ठेवायची? कारण नुसता खरेपणा ठेवून आशा काढून घेतली तर तो निरोप दुसऱ्या अर्थाचा होतो. माझ्या मसुद्यात मध्येच एक असे वाक्य आले होते : "आपण पन्नास वर्षे एकत्र काढली, तुझ्यासारखा मित्र मिळाला हे माझे भाग्य." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी वाचून पाहिले तर ते निरवानिरवीचे वाक्य वाटले. ते भूतकाळात होते, आणि भूतकाळातली कृतज्ञता आदल्या संध्याकाळी ऐकणाऱ्याला श्रद्धांजलीसारखी ऐकू येते. मी ते काढून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, कधीतरी एरवी सांगण्यासाठी.

आशेसाठी मराठीने दोन-तीन वेगळी रूपे ठेवली आहेत. "पार पडो", "होवो" हे एक. व्याकरणात ते आज्ञार्थात जाते, पण त्यात आज्ञा कसली, तिथे इच्छा आहे, प्रार्थना आहे. बोलणारा इथे आपल्याला काही ठाऊक असल्याचा दावा करत नाही, आपल्याला काय हवे आहे ते उघड सांगतो. "चढावी", "जावे" हे विध्यर्थाचे रूप दुसरे. आणि तिसरे अगदी छोटे, "जाग आल्यावर". "तुला जाग येईल" असे म्हटले तर ते भाकीत होते. "जाग आल्यावर घशात नळी असेल" असे म्हटले की जाग येणे गृहीत धरले जाते आणि लक्ष पुढच्या व्यावहारिक गोष्टीकडे जाते. भूलतज्ज्ञबाई बोलल्या होत्या तशाच बोलल्या होत्या. त्यांच्या त्या शांत सुराचा उगम तिथे असावा असे मला वाटते.

घशातल्या नळीचा उल्लेख करावा की नाही, यावर माझी दहा मिनिटे गेली. भीतीची आठवण करून देऊ नये असा आपला रिवाज आहे. पण त्याला ती आठवण करून द्यायची गरजच नव्हती, तो तेच मनात घेऊन पडला होता. मी टाळले असते तर त्याला एवढेच कळले असते की मलाही ती बोलण्यासारखी वाटत नाही. म्हणून वहिनींना फोन करून विचारले, तिथे त्याला लिहायला काही मिळेल का? त्यांनी परिचारिकेला विचारले. अतिदक्षता विभागात लिहायचा फलक असतो, हाताने लिहिण्याची खूण केली की देतात, असे तिने सांगितले. हे उत्तर मिळाल्यावरच मी तो भाग लिहिला. नुसती भीती ओळखून दाखवण्यापेक्षा तिच्याशेजारी एक करण्यासारखी गोष्ट ठेवता आली तर ठेवावी, असे माझे मत आहे. ती नसेल तर मात्र बनवून सांगू नये.

सात वाजायला दहा मिनिटे कमी असताना जो मजकूर गेला तो असा :

"मित्रा,

उद्याची शस्त्रक्रिया मोठी आहे. तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. सर्जननी कागदावर काढून दाखवले तेव्हा मी शेजारीच होतो. तुझ्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, गोड केली नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा बसला आहे.

भीती वाटत असेल तर वाटू दे. आज रात्री ती लपवण्याचे वेगळे कष्ट घेऊ नकोस.

जाग आल्यावर घशात नळी असेल आणि बोलता येणार नाही. हाताने लिहिण्याची खूण कर, पाटी मिळेल. मी विचारून घेतले आहे. अक्षर वाकडे आले तर गुण कापणार नाही.

उद्या नऊ वाजल्यापासून मी वहिनींसोबत बाहेर बसलेला असेन. त्यांचे जेवण आणि त्यांची रक्तदाबाची गोळी ही कामे माझ्याकडे. रात्रीही तिथेच राहीन.

काही सांगायचे असेल तर साडेनऊपर्यंत फोन कर. नसेल तर नको. उत्तर लिहायची गरज नाही.

तुझी शस्त्रक्रिया नीट पार पडो. यंदाच्या पावसात आपण यवतेश्वरची चढण चढावी, हळूहळू, मध्ये दोनदा बसत, असे मला मनापासून वाटते."

गुण कापण्याचा विनोद ठेवावा का, हीही शंका होती. ठेवला, कारण तो त्या संध्याकाळसाठी आणलेला नव्हता. त्याच्या सुंदर अक्षरावरून आणि माझ्या तारबाबूच्या अक्षरावरून आमची चेष्टा कितीतरी वर्षांची जुनी होती. रुग्णाला हसवण्यासाठी मुद्दाम शोधून आणलेला विनोद वेगळा आणि दोघांमध्ये आधीपासून राहत असलेला वेगळा. "उत्तर लिहायची गरज नाही" हे वाक्य मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्या संध्याकाळी आलेला प्रत्येक निरोप माणसावर उत्तराचे ओझे टाकतो, आणि ते चाळीस निरोप त्याने न उघडण्याचे कारण तेच होते, असे तो पुढे म्हणाला. देवाचे नाव मी घातले नाही, कारण तो फारसा देवभोळा नाही. तुमचा स्नेही असेल तर जरूर घाला. आपल्या श्रद्धेपेक्षा तिथे त्याची श्रद्धा पाहायची असते.

आठ वाजून गेल्यावर फोन वाजला. "वाचलं," तो म्हणाला. मागून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "शाळेच्या वाचनालयाची दोन पुस्तकं माझ्या कपाटात राहिलीत. वरच्या खणात. निवृत्तीच्या वेळी द्यायची विसरलो. ती देऊन टाक." मी पुस्तकांची नावे विचारली आणि लिहून घेतली. "तूच देशील की" हे माझ्या अगदी ओठावर आले होते. मी ते गिळले. मग काही वेळ तो काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही.

"भीती वाटते रे," तो म्हणाला.

"वाटणारच," मी म्हणालो.

"तुला वाटते?"

"हो."

यानंतर त्याने मला विचारले की एस. टी. कितीची आहे, स्वेटर घे, पहाटे स्वारगेटला थंडी असते. आवाज ओळखीचा होता, वर्गात हजेरी घेण्याचा. वहिनींनी पुढे सांगितले की फोन ठेवल्यावर तो जेवला.

पुढचे थोडक्यात सांगतो. घाटात खरोखरच वाहने तुंबली होती. सव्वासातला त्याला आत नेले तेव्हा मी खंडाळ्याच्या अलीकडे होतो. पावणेनऊला पोचलो. दीड वाजता सर्जन बाहेर आले, तिन्ही जोड नीट बसले असे म्हणाले. पण म्हणून सारे सुरळीत झाले असे नाही. तिसऱ्या दिवशी त्याची नाडी अनियमित पडू लागली. हृदयावरच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत हे पुष्कळांना होते असे त्यांनी सांगितले. औषधाने ती दोन दिवसांत ताळ्यावर आली, मात्र मुक्काम लांबला आणि घरी जायला बारावा दिवस उजाडला. मी आठ दिवसांचे लिहिले असते तर नवव्या दिवशी त्याने माझ्याकडे कसे पाहिले असते, कोण जाणे. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, तीन चेंडूंच्या त्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर आणायचे, आणि हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने जड काही उचलायचे नाही, हे सारे त्याने विद्यार्थ्याच्या निष्ठेने केले. मध्ये महिनाभर तो उदास होता, कारणाशिवाय रडू येई. तेव्हा मी फक्त जाऊन बसत असे. वाचनालयाची पुस्तके मार्चमध्ये आम्ही दोघांनी मिळून दिली. दंड त्याने मागून भरला.

पण मला सांगायचे आहे ते शस्त्रक्रियेच्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास घडले. आम्ही बाहेरच्या लोखंडी बाकावर बसलो होतो. वहिनींनी गोळी घेतली होती, जेवण अर्धे झाले होते. त्यांच्या मांडीवर तो रुमाल होता, अंगठी आणि घड्याळाचा. अतिदक्षता विभागाचे दार उघडून परिचारिका बाहेर आली. ती म्हणाली, शुद्ध आली आहे, नळी अजून आहे, उद्या पहाटेपर्यंत काढू. हाताने लिहिण्याची खूण करत होते म्हणून फलक दिला, पण काय लिहिले ते आम्हाला लागत नाही. तिने तो सोबत आणला होता. पांढऱ्या फलकावर निळ्या शाईत, पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी दोन वाकडी अक्षरे होती आणि पुढे प्रश्नचिन्ह : "आला?"

"कोण आलं का म्हणून विचारतात?" तिने वहिनींकडे पाहिले.

वहिनींनी माझ्याकडे बोट केले. एका वेळी एकालाच आत सोडतात, तेही दोन मिनिटे. त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही जा." मी दाराशी चपला काढल्या, परिचारिकेने दिलेला हिरवा झगा अंगात चढवला आणि मागच्या नाड्या बांधायला मला जमेनात, म्हणून वहिनी उठून आल्या.